‘भेटूया एकदा’ ते ठरलेली भेट: मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

मुंबईत नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी आलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत ‘भेटूया एकदा’ हे अनेकांच्या तोंडून ऐकायला मिळते. गावाकडचे जुने शेजारी एखाद्या लग्नात भेटतात, कॉलेजात वरच्या वर्गात असलेले कोणी लोकलमध्ये दिसते, आधीच्या कार्यालयातल्या मॅडम फोनवर चौकशी करतात आणि निरोप घेताना प्रत्येक जण हेच म्हणतो. तालुक्याच्या गावी एवढ्या बोलण्यावर भेट होऊन जाते, कारण संध्याकाळी बाजारपेठेत माणसे एकमेकांना दिसतातच. इथे मात्र गोरेगाव आणि डोंबिवली यांच्यामध्ये दोन वेगवेगळे रेल्वेमार्ग, दादरचा पूल आणि दीड तासाहून जास्त प्रवास असतो. त्यामुळे कोणी तरी पुढाकार घेऊन दिवस, वेळ आणि जागा ठरवल्याखेरीज काहीही घडत नाही, आणि तो पुढाकार बहुतेक वेळा नव्याने आलेल्यालाच घ्यावा लागतो.

तो घेताना बहुतेकांना एकच धास्ती असते, की आपण मागे लागलो आहोत असे समोरच्याला वाटेल. माझ्या अनुभवाने तसे दोन कारणांनी वाटते: दिवस, वेळ, जागा शोधण्याचे काम आपण समोरच्यावर टाकतो, किंवा त्याला ‘नाही’ म्हणायला सोयीची वाट ठेवत नाही. ठरवण्याचे काम स्वतः करून नकार सोपा ठेवला, तर वयाने आणि मानाने मोठ्या माणसालाही आपण निःसंकोचपणे विचारू शकतो. हे कसे करायचे ते पुढे क्रमाने सांगते. समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. तुम्ही गोरेगावला राहता. फेब्रुवारीअखेर एका लग्नात तुमच्या गावाकडचे जुने शेजारी भेटले. ते आता डोंबिवलीत राहतात आणि फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करतात. तुम्ही बँकेच्या परीक्षेची तयारी करत आहात हे ऐकून ते म्हणाले, ‘अरे वा, मग भेटूया एकदा, बोलू सविस्तर.’

१. हे ‘भेटूया’ कोणत्या प्रकारचे आहे ते आधी पाहा

निरोप घेताना म्हटलेले प्रत्येक ‘भेटूया’ हे आमंत्रण नसते. दोन माणसे चांगल्या मनाने वेगळी व्हावीत म्हणूनही ते म्हटले जाते, आणि त्यात खोटेपणा काही नसतो. म्हणून आधी आठवून पाहा, की त्या वाक्याच्या मागेपुढे काही नेमके बोलले गेले होते का. वरच्या उदाहरणात काकांनी स्वतःहून विषय काढला आणि ‘सविस्तर’ असे म्हटले, म्हणजे त्यांच्या मनात बोलण्यासारखे काही आहे. कोणी तुमचा फोन नंबर मागून घेतला, तुम्ही कुठे राहता हे विचारले, ‘हिलाही तुला भेटायला आवडेल’ असे घरच्या माणसाचे नाव काढून म्हटले, किंवा तुम्हाला एखादे पुस्तक देण्याचे कबूल केले, तर ती भेट होण्याजोगी आहे असे खुशाल धरावे. यांपैकी काहीच नसेल आणि ‘भेटूया’ म्हणता म्हणता माणूस गाडीकडे चालू लागला असेल, तर ते निरोपाचे बोलणे समजावे. अशा वेळीही विचारायला हरकत नाही, पण अपेक्षा कमी ठेवावी आणि पुढच्या सहाव्या पायरीवर सांगितलेली आठवण करू नये.

२. विचारण्याआधी ही माहिती हाताशी ठेवा

निरोप पाठवण्यापूर्वी पुढच्या गोष्टी कागदावर किंवा फोनमध्ये टिपून ठेवल्या, तर पुढचे सगळे सोपे होते. यातली बरीचशी माहिती त्या पहिल्या गप्पांतच मिळालेली असते.

- समोरची व्यक्ती कुठे राहते, कुठे काम करते आणि येण्याजाण्यासाठी कोणता मार्ग वापरते: पश्चिम, मध्य, हार्बर की मेट्रो.
- त्यांची साप्ताहिक सुट्टी. बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, बाकीच्या शनिवारी काम असते. दुकानदाराची सुट्टी सोमवारी असू शकते.
- त्यांच्या कामातला गर्दीचा काळ. बँकेत मार्चअखेर, शिक्षकांना बोर्डाच्या पेपरांचा काळ, आणि घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर फेब्रुवारी-मार्च.
- भिंतीवरचे कालनिर्णय. सण, संकष्टी, एकादशी आणि लग्नाच्या तिथी त्यात एका नजरेत दिसतात. उपवास असलेल्या माणसाला मिसळ खायला बोलावण्याची वेळ येत नाही.
- तुमच्या स्वतःच्या दोन मोकळ्या वेळा, ज्या तुम्ही नंतर मोडणार नाही.
- लोकलचे वेळापत्रक, आणि रविवारची भेट असेल तर त्या आठवड्यातल्या मेगाब्लॉकची माहिती.

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण नव्या माणसाला हे ठाऊक नसते. रेल्वे रुळांच्या आणि सिग्नलच्या देखभालीसाठी रविवारी दिवसा काही तास काही मार्गांवर ब्लॉक घेते. मध्य रेल्वेवर तो साधारणपणे सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपतो. त्या वेळात जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, हार्बरवर काही टप्प्यांत गाड्याच बंद असतात, आणि सगळेच उशिरा चालते. ब्लॉक कुठून कुठपर्यंत आहे हे रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते. रविवारी दुपारी बाराला भेटायचे ठरवून पाऊण तास फलाटावर अडकलेला माणूस पुढच्या वेळी तुमच्या निरोपाला उत्साहाने उत्तर देत नाही, मग दोष तुमचा असो वा नसो.

३. जागा त्यांच्या वाटेवरची निवडा, नकाशाच्या मधली नव्हे

नवे लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. गोरेगाव पश्चिम रेल्वेवर, डोंबिवली मध्य रेल्वेवर आणि दोन्ही मार्ग दादरला भेटतात, म्हणून दादर हेच योग्य ठिकाण असे सरळ वाटते. काकांच्या बाजूने पाहिले तर ते दोन्ही वेळा गैरसोयीचे ठरते.

कामाच्या दिवशी संध्याकाळी काका सीएसएमटीहून गाडी पकडतात. गाडी तिथूनच सुटत असल्याने त्यांना बसायला जागा मिळते, आणि बहुतेक रोजच्या प्रवाशांप्रमाणे त्यांचीही गाडी, डबा आणि सोबतची मंडळी ठरलेली असणार. तुम्ही त्यांना ‘घरी जाताना दादरला उतरा’ असे सांगितले, तर त्यांनी ती जागा सोडायची, तासाभराने दादरच्या गर्दीत डोंबिवलीच्या दिशेची गाडी पकडायची आणि उभ्याने घरी जायचे, असा त्याचा अर्थ होतो. तुम्हाला ते बोलून दाखवणार नाहीत, ‘बघतो’ म्हणतील. सुट्टीच्या दिवशी बोलावले, तर आठवडाभर जो प्रवास करावा लागतो त्यातलाच बराचसा त्यांना सुट्टीतही करावा लागतो.

तेव्हा अशा माणसाला भेटायच्या दोनच जागा चांगल्या. एक, कामाच्या दिवशी त्यांच्या कार्यालयाजवळ, त्यांनी गाडी पकडण्यापूर्वी. भेट संपली की ते चालत सीएसएमटीला जातात आणि नेहमीची नाही तरी तिथूनच सुटणारी दुसरी गाडी बसून घेतात. तुम्हालाही हे अवघड नाही, कारण गोरेगावहून हार्बर मार्गाची थेट गाडी सीएसएमटीला जाते. पश्चिम रेल्वेने चर्चगेटला उतरून फोर्टपर्यंत चालतही जाता येते. स्थानकासमोरच्या आरामसारख्या उपाहारगृहात अर्धा-पाऊण तास बसून वडा आणि चहा घेता येतो आणि त्यांना आडवाटेला जावे लागत नाही. दुसरी जागा म्हणजे दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी डोंबिवलीतच, स्टेशनाजवळ. शनिवारी दिवसा मेगाब्लॉकचा त्रास सहसा नसतो, आणि रविवारी जी घरची कामे व पाहुणे असतात तेही नसतात. दोन्ही पर्यायांत प्रवासाचा भार तुमच्यावर येतो. विचारणारा तुम्ही आहात आणि वयानेही लहान आहात, तेव्हा ते रास्तच आहे.

बरोबरीच्या मित्राला भेटायचे असेल आणि दोघेही सुट्टीवर असाल, तर मात्र दादर उत्तम. कोणी घाटकोपरच्या बाजूला आणि कोणी अंधेरीच्या बाजूला राहत असेल, तर २०१४ पासून चालू असलेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो दोन्ही रेल्वेमार्गांना थेट जोडते. तेव्हा दादरला जाण्याऐवजी त्या मार्गावरचे एखादे ठिकाण पाहावे.

वेळेबद्दल एकच सूचना. भेट किती वेळाची आहे हे तुम्ही आधीच ठरवा आणि ते लहान ठेवा. ‘एक दिवस भेटू’ म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांसमोर अख्खी संध्याकाळ उभी राहते; ‘अर्धा-पाऊण तास चहाला’ म्हटले की ते तुमचे बोलणे कामाच्या दिवसात बसवू शकतात. गप्पा रंगल्या तर वेळ वाढवणे त्यांच्या हातात असतेच.

४. पहिला निरोप

भेट झाल्यापासून साधारण आठवडा-दहा दिवसांत निरोप पाठवावा. दुसऱ्याच दिवशी पाठवला तर घाई वाटते, आणि दोन महिन्यांनी पाठवला तर ते बोलणे त्यांच्या लक्षात नसते. व्हॉट्सॲपवर लिहिलेले बरे, कारण फोनवर विचारले की माणसाला जागच्या जागी उत्तर द्यावे लागते आणि संकोचापोटी दिलेला होकार पुढे टिकत नाही. ज्येष्ठ मंडळी व्हॉट्सॲप फारसे पाहत नसतील तर फोन करावा, पण बोलण्यातच ‘आत्ता सांगू नका, घरी विचारून कळवा’ असे म्हणून त्यांना मोकळे करावे.

निरोपात पाच गोष्टी याव्यात: आपली ओळख आणि आधीच्या बोलण्याची आठवण, भेटीचे कारण, एक नेमका दिवस-वेळ-ठिकाण आणि सोबत एक पर्याय, भेटीची लांबी, आणि नकाराची सोपी वाट. वरच्या उदाहरणात तो असा होईल:

‘काका, नमस्कार. मागच्या आठवड्यात लग्नात आपण भेटलो होतो. बँकेच्या परीक्षेबद्दल तुम्ही बोलू म्हणाला होतात, त्यातलं मुलाखतीचं मला थोडं विचारायचं आहे. येत्या गुरुवारी तुमचं ऑफिस सुटल्यावर, सव्वासहाला, सीएसएमटीसमोर चहाला भेटता येईल का? मी तिकडे येईन. अर्ध्या-पाऊण तासात तुम्हाला गाडीला मोकळं करते. नाही तर दुसऱ्या शनिवारी सकाळी मी डोंबिवलीला येऊ शकते. सध्या कामाची गडबड असेल तर पुढे कधी तरी ठरवू, मला घाई नाही.’

यात ‘मी तिकडे येईन’ हे वाक्य भेट शक्य करते आणि शेवटचे वाक्य ती सुखाची करते. शेवटचे वाक्य मात्र खरे असले पाहिजे. तुमची मुलाखत पंधरा दिवसांवर असेल तर ‘घाई नाही’ लिहू नका. तारीख सांगा आणि ‘त्याआधी नाही जमलं तर फोनवर दहा मिनिटं चालतील’ असा पर्याय द्या.

निरोप लिहिताना तीन गोष्टी टाळाव्यात. पहिली, ‘तुम्ही कधी मोकळे आहात?’ असे विचारणे. ऐकायला ते नम्र वाटते, पण त्यात पूर्ण महिन्याचा हिशेब करण्याचे काम समोरच्यावर येते आणि उत्तर लांबणीवर पडते. ‘तुम्ही म्हणाल तेव्हा, म्हणाल तिथे’ हेही तसेच. दुसरी, पाच-सहा पर्याय देणे. त्याने निवड सोपी होत नाही, शिवाय ‘इतक्या वेळा देऊनही नाही कसे म्हणायचे’ असा दबाव येतो. दोन पर्याय पुरेत. तिसरी, हा निरोप लग्नाच्या किंवा सोसायटीच्या सामायिक ग्रुपवर टाकणे. तिथे चारचौघांसमोर नकार देणे कोणालाही जड जाते, आणि होकार आला तरी आणखी चार जण ‘आम्हीपण’ म्हणत येतात.

संबोधनाकडेही लक्ष द्यावे. लग्नात तुम्ही ज्यांना ‘काका’ म्हणालात त्यांना निरोपात ‘सर’ म्हटले तर उगाच परकेपणा येतो, आणि जुन्या कार्यालयातल्या ‘मॅडम’ना एकदम ‘ताई’ म्हटले तर अवघडल्यासारखे होते. भेटीत जे संबोधन होते तेच ठेवावे. मुलीला मुलाने किंवा मुलाला मुलीने विचारताना, ओळख नवी असेल तर, दिवसाची वेळ आणि वर्दळीची जागा सुचवावी, आणि ‘सोबत कोणाला आणायचं असेल तर जरूर आण’ असे लिहावे. हेतूबद्दल शंका उरत नाही.

५. आलेले उत्तर नीट वाचा

मराठी माणूस भेटीला तोंडावर नकार क्वचित देतो, म्हणून उत्तरातले शब्द आणि त्यांच्यासोबत आलेली माहिती असे दोन्ही पाहावे लागते. समोरून दुसरा दिवस, दुसरी वेळ किंवा दुसरी जागा आली, तर भेट जवळजवळ ठरली असे समजा, मग सूर कितीही कोरडा असो. ‘गुरुवारी नाही, शुक्रवारी बघू’ हे उत्तर ‘हो हो, नक्की नक्की, भेटायचंच आहे!’ यापेक्षा कितीतरी भरवशाचे आहे, कारण पहिल्यात दिवस आहे आणि दुसऱ्यात फक्त आपुलकी आहे.

‘बघतो’ किंवा ‘कळवतो’ असे उत्तर आले, तर ते होकार किंवा नकार काहीच नाही. त्याला लगेच ‘कधीपर्यंत कळवाल?’ असे विचारू नये. ‘हो, चालेल. तुम्हाला सोयीचं असेल तसं’ एवढे लिहून थांबावे. पण गुरुवारची वेळ तुम्ही त्यांच्यासाठी अडवून ठेवली असेल, तर त्यात एवढी भर घालावी: ‘बुधवार संध्याकाळपर्यंत नाही कळलं तर गुरुवारचं राहू दे असं मी धरते.’ यात तक्रार येत नाही, दोघेही मोकळे होतात, आणि उत्तर न देणे हाही एक सोयीचा नकार बनतो.

कारणासह आलेले उत्तर सगळ्यांत महत्त्वाचे. आपल्या उदाहरणात काकांचे उत्तर येते: ‘अगं, मार्चएंड आहे, आता श्वास घ्यायला वेळ नाही. नंतर बघू.’ नव्या माणसाला ही टाळाटाळ वाटेल, आणि ती तशी नाही. बँकेचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्याआधीचे आठवडे थकीत कर्जांच्या वसुलीत आणि हिशेब जुळवण्यात जातात, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातही आवराआवर चालू असते. यावर योग्य उत्तर असे: ‘हो काका, माझ्या लक्षात यायला हवं होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी एकदा विचारते.’ या एका वाक्याने दोन गोष्टी साधतात. त्यांच्या अडचणीची दखल घेतली जाते, आणि पुढे विचारण्याची परवानगी आधीच मागितली जाते, त्यामुळे एप्रिलमधला निरोप अवचित येत नाही.

कारण खरे की सभ्यतेपुरते, हे ओळखायची एक खूण आहे. खऱ्या कारणाला शेवट असतो: मार्चअखेर, मुलीची परीक्षा, आईचे ऑपरेशन, घराचे रंगकाम. ‘सध्या जरा धावपळ चालू आहे’ याला शेवट नसतो. असे उत्तर एकदा आले तर ते खरेही असू शकते. दुसऱ्यांदा तेच आले तर त्यातला नकार समजून घ्यावा.

६. आठवण एकदा करावी, आणि ती नव्या निरोपासारखी असावी

उत्तर आलेच नाही, तर दहा-बारा दिवस जाऊ द्यावेत आणि मग एकदाच आठवण करावी. नुसते प्रश्नचिन्ह पाठवणे, ‘माझा मेसेज पाहिला का?’ असे विचारणे, किंवा दोन निळ्या खुणांचा उल्लेख करणे टाळावे. त्यात समोरच्याला जाब विचारल्यासारखे होते. जुन्या दिवसाचा विषय न काढता नवा दिवस द्यावा, जणू पहिला निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. काकांना एप्रिलमध्ये पाठवायचा निरोप असा असेल: ‘काका, नमस्कार. मार्चएंड पार पडला असेल. येत्या गुरुवारी किंवा पुढच्या सोमवारी सव्वासहाला सीएसएमटीसमोर चहाला जमेल का? नसेल जमत तर तसं नि:संकोच सांगा.’

शक्य असेल तर आठवणीला दुसरे काही निमित्त जोडावे, जे तसेही होणार आहे. ‘मी शनिवारी दुपारी शिवाजी मंदिरला नाटकाला जाणार आहे, तुम्ही दादरकडे असाल तर त्याआधी चहा घेऊ’ या निरोपात समोरची व्यक्ती आली नाही तरी तुमचा दिवस फुकट जाणार नाही हे तिला कळते, आणि ‘नाही’ म्हणणे फारच सोपे होते. निमित्त मात्र खरे असावे. नाटकाचे तिकीट काढलेले नसताना असे लिहिले आणि होकार आला, तर गोष्ट अंगाशी येते.

या आठवणीलाही उत्तर आले नाही, तर भेटीचा विषय तुमच्याकडून संपला असे समजावे. दिवाळीला शुभेच्छा पाठवाव्यात, वाटेत भेटले तर आनंदाने बोलावे आणि न झालेल्या भेटीचा उल्लेख करू नये. मध्यस्थाला सांगून विचारणे, म्हणजे त्यांच्या बहिणीला किंवा आपल्या आईला फोन करायला लावणे, हे आपल्याकडे सहज घडते. त्यातून भेट झालीच तर ती भिडेखातर होते, आणि पुढच्या संबंधाला ते बाधते.

७. होकार आल्यावर जागा नेमकी सांगा

काकांचे उत्तर आले: ‘गुरुवारी चालेल, पण साडेसहा कर.’ आता लगेच एका निरोपात सगळे पक्के लिहावे: ‘ठरलं काका. गुरुवारी साडेसहाला, स्टेशनसमोरच्या आरामच्या दाराशी मी उभी असेन. खूप गर्दी असेल तर तिथून जवळच दुसरीकडे बसू.’ जागा मिळेलच असे धरून चालू नये. दुसरी जागा मनात असलेली बरी.

मुंबईत ‘स्टेशनवर भेटू’ हे ठिकाण होत नाही. एकाच स्थानकाला पूर्व-पश्चिम बाजू, तीन-चार पूल आणि अनेक तिकीट खिडक्या असतात. दादरला आणखी एक गोंधळ आहे. डिसेंबर २०२३ पर्यंत तिथे पश्चिम आणि मध्य या दोन्ही बाजूंना फलाट क्रमांक १ पासूनच सुरू होत. तेव्हापासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ क्रमांक दिले आहेत. वर्षानुवर्षे प्रवास करणाऱ्या पुष्कळ जणांच्या तोंडी अजूनही जुनेच क्रमांक असतात. म्हणून फलाटाचा क्रमांक सांगून भेटण्याऐवजी स्थानकाबाहेरची खूण सांगावी: दादर पश्चिमेला शिवाजी मंदिर नाट्यगृहाचे दार, किंवा एखाद्या दुकानाच्या पाटीखाली. फोनला गर्दीत रेंज मिळत नाही अशीही वेळ येते, तेव्हा फोन न करताही एकमेकांना सापडता येईल अशी जागा असावी.

८. आदल्या दिवसाचा निरोप

ठरल्यानंतर मधले दिवस काही पाठवू नये. आदल्या संध्याकाळी एकच निरोप पुरे, आणि तो प्रश्नाच्या रूपात नसावा. ‘उद्या नक्की आहे ना?’ यात अविश्वास दिसतो. त्याऐवजी ‘काका, उद्या साडेसहाला आरामपाशी आहे. मी सव्वासहापर्यंत पोचते’ असे कळवावे. विसरले असतील तर आठवते, आणि अडचण असेल तर सांगायला हीच वेळ असते.

त्यांनी ऐनवेळी रद्द केले, तर ‘काही हरकत नाही’ एवढेच म्हणावे आणि नवा दिवस लगेच पुढे करू नये. ज्याने रद्द केले त्याने दुसरा दिवस सुचवावा, हा साधा शिरस्ता आहे. दोन आठवड्यांत तसे झाले नाही, तर सहाव्या पायरीप्रमाणे एकदा विचारावे. तुम्हालाच रद्द करावे लागले, तर मात्र रद्द करण्याच्या त्याच निरोपात नवे दोन दिवस द्यावेत. बिलाचेही आधीच मनात ठरवून ठेवावे: बोलावले तुम्ही, तेव्हा पैसे तुम्ही काढायचे. काका ते देऊ देणार नाहीत हे जवळजवळ नक्की, पण हात आधी तुमचा पुढे व्हावा.

९. ‘घरी या एकदा’ असेल तर

हे आमंत्रण वेगळ्या रीतीने हाताळावे लागते, कारण त्यात एका माणसाचा वेळ नसतो, एका घराचा असतो. काकांनी ‘घरी ये जेवायला’ म्हटले असेल आणि तुम्ही दिवस सुचवलात, तर स्वयंपाक काकूंना करायचा आहे आणि त्यांना विचारलेलेच नाही. म्हणून जेवणाचा दिवस आपण कधीच सुचवू नये. चहाचा सुचवावा, आणि तोही काकूंच्या सोयीने: ‘चौथ्या शनिवारी मला कल्याणला यायचं आहे, संध्याकाळी पाचच्या सुमाराला चहाला डोकावले तर चालेल का? काकूंना विचारून सांगा.’ जेवायला थांबवायचे असेल तर ते थांबवतात.

नेमका दिवस मागावा न लागता कोणाच्या घरी जाण्याची उत्तम संधी म्हणजे सण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायकांची हळदीकुंकवे असतात, दसऱ्याला सोने द्यायला जाता येते, दिवाळीत फराळाला. सर्वांत मोकळे दार गणपतीतले, कारण दर्शनाला येणाऱ्याला बोलावण्याची गरज नसते आणि आलेल्याचे स्वागतच होते. त्यासाठी आधी एवढेच विचारावे, ‘तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो?’ या प्रश्नात मागणी नसते, आणि ज्यांना तुम्ही यावे असे वाटते ते पुढचे आमंत्रण आपणहून देतात. उत्तर लक्षात ठेवणे मात्र गरजेचे आहे. कोणाकडे दीड दिवसांचा असतो, कोणाकडे पाच किंवा सात, कोणाकडे अनंत चतुर्दशीपर्यंत, आणि गौरींबरोबर विसर्जन असेल तर दिवस दर वर्षी थोडे बदलतात. दीड दिवसाच्या घरी तिसऱ्या दिवशी गेलात तर मखर रिकामे असते आणि घरचे थकलेले असतात. गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी घरात कोणालाही बोलायला उसंत नसते, तेव्हा तो दिवस सोडून संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान, निघण्यापूर्वी फोन करून जावे. देवापुढे ठेवायला फुले किंवा पेढे न्यावेत. आरतीची वेळ विचारून तिच्या थोडे आधी पोचलात, तर घरातली सगळी माणसे एकाच वेळी भेटतात.